मूग डाळीचा हलवा: ओल्या गोळ्यापासून मोकळ्या दाण्यापर्यंतचा एक तास

सासऱ्यांची पंचाहत्तरी जानेवारीत होती, नेमकी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, त्यामुळे पुण्या-हैदराबादचे सगळे नातेवाईक सोलापुरात येणारच होते आणि घरी पंचवीसेक माणसं जेवायला. गोड काय करायचं म्हणून विचारलं तर सासरे म्हणाले मूग डाळीचा हलवा कर, तो शेजारच्या भाभींच्या मुलाच्या लग्नात खाल्ला होता तसला, दाणा दाणा मोकळा असलेला. भाभी म्हणजे आमच्या शेजारच्या मारवाडी घरातल्या, आता साठीच्या पुढं आहेत, तीन पिढ्या सोलापुरात गेल्यात त्यांच्या आणि मराठी आमच्यासारखीच बोलतात. त्यांच्यात याला हलवा कमी आणि सीरा जास्त म्हणतात, थंडीत तर त्यांच्याकडं होतोच होतो.

मी म्हणलं यात काय एवढं, डाळ भिजवायची, वाटायची, तुपात भाजायची. आधी एकदा करून बघू म्हणून डिसेंबरात पाव किलोचा घाट घातला आणि तो पूर्ण बिघडला. कसा बिघडला ते आधी सांगते कारण नंतर भाभींनी जे शिकवलं ते या बिघडण्यावरूनच मला नीट कळलं.

मी डाळ रात्रीच भिजवली, म्हणजे सकाळपर्यंत दहा तास झाले. फुगून एकदम मऊ, बोटानं दाबली की पीठ होणारी. मिक्सरमध्ये फिरेना म्हणून अर्धी वाटी पाणी घालून छान गंधासारखी वाटली. कढईत तूप कडकडीत तापवलं आणि वाटलेली डाळ एकदम ओतली. ओतल्या ओतल्या तिचा एक मोठा गोळा झाला, बाहेरून लगेच शिजून घट्ट आणि आत कच्ची ओली. मी हलवत राहिले, गोळा इकडून तिकडं फिरत राहिला, बुडाला सगळं चिकटलं. वीस मिनिटं झाली तरी तसंच, म्हणून मला वाटलं तूप कमी पडलं, अजून घातलं. मग वाटलं आच कमी आहे, गॅस मोठा केला. तेव्हा बाहेरचा रंग पटकन तांबूस झाला, मला वाटलं भाजलं, दूध-साखर घातली, आणि जे झालं ते पिठल्यासारखं चिकट, वर तुपाचा तवंग आणि तोंडात घातलं की कच्च्या डाळीचा हिरवट वास. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण दुसरा चमचा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी भाभींना सगळं सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं की डाळ किती वेळ भिजवलीस आणि पाणी घालून वाटलीस का. मग म्हणाल्या, "अगं तू डाळ भाजलीच नाहीस, पाणीच उकळत बसलीस की. रविवारी दुपारी ये माझ्याकडं, डाळ भिजवून घेऊन ये, पण बारा वाजता भिजव, रात्री नको."

हे "पाणी उकळत बसलीस" तेव्हा नीट कळलं नव्हतं, म्हणून रविवारी मी घरचा वजनकाटा पण घेऊन गेले. डाळ कोरडी अडीचशे ग्राम होती, पिवळी, बिनसालीची, मंगळवार पेठेतून आणलेली. चार-पाच पाण्यानं धुतली, हातानं चोळून, धुवणाचं पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत, कारण ती जी पांढरी भुकटी असते तीच पुढं खळीसारखी चिकटते. साडेतीन तास भिजवली. मग भाभींनी ती चाळणीत ओतली आणि चांगला अर्धा तास तशीच निथळत ठेवली, मध्ये दोनदा चाळणी आपटली. शेवटी सुती पंचावर पसरून वरून टिपली पण. त्यानंतर वजन केलं तर पाचशे पाच ग्राम भरलं. म्हणजे अडीचशे ग्राम डाळीनं तेवढंच पाणी पोटात घेतलं होतं, आणि हे सगळं एक मोठा ग्लासभर पाणी आपल्याला कढईत बारीक आचेवर वाफ करून घालवायचंय. बेसनाच्या लाडवाला बेसन वीस-पंचवीस मिनिटांत भाजून होतं आणि याला तास लागतो तो फरक इथं आहे, बेसन कोरडंच असतं. डाळीत जोवर पाणी आहे तोवर ती शंभर डिग्रीच्या आसपासच राहते, कितीही आच द्या, वरचा थर करपेल पण आतला दाणा शिजतच राहणार, भाजणार नाही. खमंग वास आणि रंग हा पाणी गेल्यावरच सुरू होतो. मी पहिल्या वेळी वर अर्धी वाटी पाणी अजून घातलं होतं, त्यामुळं काम आणखी वाढवून ठेवलं.

भिजवणं साडेतीन-चार तासांपेक्षा जास्त का नको तर एकतर डाळ जास्त मऊ पडून वाटताना तिचं पीठ होतं, आणि दुसरं म्हणजे आपल्या सोलापूरच्या उकाड्यात रात्रभर ठेवली की आंबायलाच लागते. थंडीत चालून जाईल कदाचित पण मार्च ते जूनमध्ये तर भिजवतानाच फ्रीजमध्ये ठेवावी असं भाभी म्हणतात. नखानं डाळ तोडली की मधोमध कच्ची पांढरी रेष न दिसता सरळ तुटली पाहिजे पण बोटात चुरडली जाता कामा नये, एवढी भिजली की बास.

वाटण पाण्याचा थेंब न घालता. मिक्सरच्या छोट्या भांड्यात थोडी थोडी डाळ घ्यायची आणि थांबून थांबून फिरवायची, दोन सेकंद फिरवलं की बंद, झाकण काढून चमच्यानं कडेचं खाली घ्यायचं, परत दोन सेकंद. चार घाण्यांत झालं. भाभींनी चिमूट घेऊन अंगठ्याखाली चोळून दाखवलं, जाड रव्यासारखं लागलं पाहिजे. गंध झालं तर दाणा येणार नाही, आणि अख्खी अर्धी डाळ राहिली तर ती शेवटपर्यंत दातात कचकच करते कारण ती आतून भाजलीही जात नाही आणि नंतर दूधही नीट पीत नाही. थोडं बारीक थोडं जाड असं मिसळलेलं असलं तरी चालतं, पण अख्खे तुकडे दिसले तर वेचून परत फिरवायचे.

कढई त्यांची जाड हिंडालियमची, बुड चांगलं पाव इंच असेल. नॉनस्टिक नाही चालत का विचारलं तर म्हणाल्या चालेल, चिकटणार नाही, पण यात बूड जोरात खरवडावं लागतं तेव्हा लाकडी उलथन्यानं जमत नाही आणि स्टीलचं लावलं की कोटिंग जातं. लोखंडी कढईत भाजणं छान होतं पण नंतर दूध घातलं की रंग काळपट येतो. पातळ स्टीलची तर अजिबात नको, तिच्यात मधे करपतं आणि कडेला कच्चं राहतं. उलथनं स्टीलचं, पुढून सपाट सरळ धारेचं घेतलं, झारा नाही, कारण सगळं काम बूड खरवडण्याचं आणि गुठळ्या दाबण्याचं आहे.

तूप अडीचशे ग्राम मोजून ठेवलं, डाळीएवढंच. आमच्याकडं पंढरपुरी म्हशीच्या दुधाचं तूप घरीच कढवतो, तेच नेलं होतं, थंडीमुळं डब्यात दगडासारखं थिजलेलं. त्यातलं दोनशे ग्राम कढईत घातलं आणि पन्नास बाजूला ठेवलं. आणि इथं माझ्या पहिल्या चुकीच्या बरोबर उलटं केलं, तूप वितळून कोमट झालं की लगेच, धूर-बिर काही नाही, त्यात आधी एक मोठा चमचा बारीक रवा टाकला, मिनिटभर परतला, आणि मग वाटलेली डाळ घातली. तूप कडक असलं की डाळ बाहेरून झटक्यात शिजते, कवच धरते आणि आतला ओलावा कोंडतो. कोमट तुपात घातली की आधी प्रत्येक कणाला तूप लागतं, मग हळूहळू सगळं एकत्र तापतं. रवा चिकटणं कमी करायला, बुडाशी डाळीच्या आणि कढईच्या मधे तो कोरडा कण येतो. काहीजण बेसन टाकतात, तेही चालतं. पण एका चमच्याच्या वर नको, नाहीतर रव्याचाच शिरा लागतो.

चार वाजून दहा मिनिटांनी डाळ पडली, मी मोबाईलमध्ये वेळ लावून ठेवली होती. गॅस छोट्या बर्नरवर, मध्यमच्या खाली आणि एकदम बारीकच्या जरा वर.

पहिली दहा मिनिटं ते सगळं जाडसर पिठल्यासारखं दिसतं. तूप दिसेनासं होतं, सगळं आत गेलं असं वाटतं. आवाज फदफद असा येतो, ओला आवाज. बुडाला सतत धरत होतं, आणि भाभी म्हणाल्या की सोडायचं नाही, प्रत्येक वेळी बूड खरवडून वरचं खाली आणि खालचं वर. आमचा एक नियम ठरला, उलथनं फिरवताना कढईचं बूड चमकलेलं दिसलं पाहिजे, एकही जागा पिवळ्या थरानं झाकलेली राहिली नाही पाहिजे.

मग साधारण चार वाजून वीस मिनिटांनी तो गोळा झाला, अगदी माझा झाला होता तसाच. एकजीव, जड, उलथन्याला लोंबणारा. माझ्या तर पोटात गोळाच आला, म्हणलं भाभी हे तर तेच झालं. त्या शांत, "होणारच, हे झालं नाही तर मला काळजी वाटेल." म्हणजे हा गोळा हा बिघाड नाहीच, डाळीतली खळ पाण्यात गरम झाली की ती फुगते, चिकटते, सगळ्याचा एक लगदा होतो, हे प्रत्येकाचं होतं, कितीही नीट केलं तरी. बिघाड याच्या पुढं होतो, तेव्हा घाबरून तूप वाढवलं किंवा आच वाढवली की. तूप वाढवून गोळा सुटत नाही कारण तो तुपाच्या कमतरतेनं झालेला नाही, पाण्यानं झालाय. आणि तेव्हा घातलेलं तूप नंतर दाणे मोकळे झाले की सगळं एकदम बाहेर येतं आणि हलवा तुपात पोहत राहतो.

गोळ्याच्या टप्प्यात करायचं एवढंच की त्याला उलथन्याच्या धारेनं कापायचं, कापलेला तुकडा कढईच्या भिंतीवर दाबून पसरायचा, परत गोळा करायचा, परत कापायचा. भाकरीचं पीठ मळताना कसं तळव्यानं पुढं रेटतो तसं. प्रत्येक वेळी आतला ओला भाग उघडा पडतो आणि तिथनं वाफ निघते. इथं खांदा दुखतो, खरंच दुखतो, आम्ही दोघी पाच पाच मिनिटं आळीपाळीनं करत होतो. बराच वेळ झाला तरी मला फरक दिसत नव्हता तेव्हा भाभींनी स्टीलचं ताट कढईवर आडवं धरलं, दहा सेकंदांत आतून पाणी पाणी झालं. म्हणाल्या बघ अजून किती आहे आत. ही गोष्ट मला फार उपयोगी पडली, मी अजूनही करते, ताटावर वाफ धरते तोवर रंगाकडं बघायचंच नाही.

चार पस्तीसच्या आसपास गोळा फुटायला लागला. आधी मोठे तुकडे पडले, मग सुपारीएवढे, मग मोकळ्या भगरीसारखं सगळं दिसायला लागलं, पण मधे मधे वाटाण्याएवढ्या गुठळ्या. या गुठळ्या सोडून दिल्या तर शेवटपर्यंत आतून कच्च्या राहतात आणि हिरवट वास त्यातनंच येतो. भाभींनी एक उचलून बशीत दाबली, बाहेर सोनेरी आणि आत फिकट पिवळा ओलसर ठिपका. उलथन्याच्या पाठीनं एकेक दाबून फोडल्या. फारच झाल्या असतील तर एक मार्ग त्यांनी सांगितला तो असा की या वेळी गॅस बंद करून सगळं ताटात काढायचं, कोमट होऊ द्यायचं, हातानं चुरायचं किंवा मिक्सरमध्ये एक-दोनदा नुसतं झटका द्यायचा आणि परत कढईत. हे फक्त गोळा फुटल्यावरच चालतं, ओला असताना मिक्सरला घातलं तर परत गंधच.

बुडाचं एक सांगायचं राहिलं. इतकं खरवडूनही मधे एक पातळ थर धरलाच होता. तो सोनेरी-तांबूस असला तर खरवडून आत मिसळायचा, चांगला लागतो, पण काळपट दिसला किंवा वास जळका आला तर त्याला उलथनं लावायचं नाही, वरचं सगळं दुसऱ्या कढईत काढून तिथं पुढं भाजायचं. एकदा जळकं आत मिसळलं की वेलची-केशर काही घाला, जात नाही.

पाऊण तास झाला आणि तिथनं सगळं बदलायला लागलं, आणि हे इतक्या पटकन झालं की मी बघतच राहिले. उलथनं अचानक हलकं झालं. आधी चिखलातनं ओढल्यासारखं होतं ते आता वाळूतनं फिरल्यासारखं. आवाज फदफद जाऊन सळसळ असा झाला. कडेनं तूप दिसायला लागलं, वर बारीक फेस आला. ताट धरलं तर नुसतं धुरकट झालं, थेंब नाही. म्हणजे पाणी गेलं, आणि आता कुठं भाजणं सुरू. इथपर्यंत रंग जवळजवळ होता तसाच पिवळा होता, वास पण उकडलेल्या डाळीचा. माझ्या डिसेंबरच्या हलव्याला रंग वीस मिनिटांतच आला होता तो म्हणून खोटा होता, वरचा वर.

इथं आच अजून कमी केली, एकदम बारीक. पाणी असताना पाणीच डाळीला सांभाळत होतं, आता ते नाही, त्यामुळं कढई तापत जाते आणि रंग मिनिटामिनिटाला पुढं जातो. हात थांबवायचा नाही, फोन आला तरी नाही. आधी ताज्या फुटाण्याच्या डाळीसारखा वास आला, मग दोन-तीन मिनिटांनी बेसन लाडवासारखा, आणि त्याच्या पुढं एक वेगळाच, बिस्किटाची भट्टी आणि भाजलेले काजू मिसळल्यासारखा, गोडसर. भाभींच्या स्वयंपाकघराची खिडकी बोळात उघडते, खालनं कुणीतरी वर बघून विचारलं आज काय आहे म्हणून. रंग पिवळ्याचा सोनेरी, सोनेरीचा कोवळ्या गुळासारखा. भाभींनी दोन दाणे काढून गार केले आणि माझ्या हातावर ठेवले. गरम असताना सगळंच मऊ लागतं, गार करूनच चावायचे. कुटकन फुटले आणि आत पीठ चिकटलं नाही, दाताला शेवेसारखे खुसखुशीत. मग ठेवलेलं पन्नास ग्राम तूप आता घातलं. आता घातलेल्या तुपाचा वास तसाच राहतो, सुरुवातीचं तूप तासभर तापून बरंचसं विरलेलं असतं.

पाच वाजून बारा मिनिटांनी मी गॅस बंद केला, म्हणजे बासष्ट मिनिटं. आणि भाभी म्हणाल्या, "बंद केलास तरी हलव, कढई तापलेली आहे." जाड बुडाची कढई दोन-तीन मिनिटं भाजतच राहते, पाहिजे तो रंग यायच्या जरा आधीच थांबायचं असतं.

दूध आणि पाणी दुसऱ्या शेगडीवर आधीच उकळत ठेवलं होतं, अर्धा लिटर दूध, पाव लिटर पाणी आणि केशराच्या दहा-बारा काड्या. नुसतं दूध घातलं तर हलवा जड होतो आणि बुडाला लवकर लागतं म्हणून थोडं पाणी. ते उकळतंच पाहिजे, गार दूध घातलं तर दाणे आखडतात, बाहेरून ओले आणि आत कोरडे राहतात. आणि ओतताना जपून, खरंच सांगते, तापलेल्या तुपावर पाणी पडलं की वाफेचा लोट येतो आणि शिंतोडे मनगटापर्यंत उडतात. गॅस बंद ठेवूनच, लांब दांड्याच्या डावानं, कडेनं थोडं थोडं, दुसऱ्या हातानं हलवत. पहिला डाव पडला की कढई जी फुसफुसली, मी दोन पावलं मागं सरले. चार-पाच डावांनंतर शांत होतं, मग गॅस लावायचा आणि उरलेलं ओतायचं.

दाणे ते सगळं प्यायला लागले. सात-आठ मिनिटं मंद आचेवर, मधे दोन मिनिटं झाकण ठेवून. एकेक दाणा दुपटीनं फुगला पण सुटाच राहिला, कारण तो बाहेरून भाजून तुपानं माखलेला होता, शेजारच्या दाण्याला चिकटायला ओली खळ शिल्लकच नव्हती. मोकळ्या दाण्याचं सगळं श्रेय त्या पहिल्या पाऊण तासाला आहे, दूध घातल्यावर काहीही करून दाणा मोकळा करता येत नाही.

साखर सगळ्यात शेवटी, दाणा बोटानं दाबल्यावर मऊ लागला तरच. दोनशे वीस ग्राम घातली. साखर आधी घातली की ती पाणी स्वतःकडं ओढते आणि दाणा फुगायचा थांबतो, कडकच राहतो, नंतर कितीही दूध घाला फरक पडत नाही. आमच्या एका नातेवाईकांकडं मी असा हलवा खाल्लाय, चव सुंदर आणि दाणे खड्यासारखे, आता कळलं का ते. साखर पडली की हलवा एकदम सैल होतो, पातळ झाला म्हणून घाबरायचं नाही, परतत राहायचं, सहा-सात मिनिटांत आटतो आणि कडेनं परत तूप सुटतं. तूप सुटलं की बंद. वेलची अर्धा चमचा, बदामाचे काप, बास. जायफळ मी विचारलं तर भाभी नको म्हणाल्या, भाजल्याचा वास दबतो.

मी ते गरम गरम खाल्लं तेव्हा काही बोलताच आलं नाही. दाणा जिभेवर वेगळा वेगळा कळत होता, दाबला की मऊ, आणि गिळल्यावर तो वास मागं राहत होता. पण भाभी एक चमचा खाऊन थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "चांगला झालाय. पण अजून चार मिनिटं भाजायला पाहिजे होता." त्यांनी कपाटातनं जुना हलव्याचा डबा काढला, दोन दिवसांपूर्वी त्यांनी केलेला, थोडा शेजारी ठेवला. रंगात फरक अगदी दिसत होता, माझा सोनेरी, त्यांचा तांबूस, चिंचोक्याच्या अलीकडचा. चवीत तर अजूनच, माझ्यात डाळीचा गोडवा होता, त्यांच्यात त्याच्या पुढचं काहीतरी. मी भिऊन लवकर थांबले होते.

पंचाहत्तरीला एक किलो डाळीचा करायचा होता. माझा विचार एका मोठ्या कढईत करायचा होता, भाभींनी नको सांगितलं. डाळ चौपट म्हणजे पाणी पण एक लिटर घालवायचं, घरच्या शेगडीची आच तेवढीच, आणि एवढा ओला गोळा एका हातानं कापताच येत नाही, मधला भाग उघडा पडत नाही. म्हणून आदल्या दिवशी अर्धा अर्धा किलोचे दोन घाणे केले, दोन वेगळ्या वेळी, एकेकाला पावणेदोन तास लागला. जाऊबाई आणि मी आळीपाळीनं. आणि आदल्या दिवशी फक्त भाजण्यापर्यंतच केलं, भाजलेले दाणे तुपासकट गार करून स्टीलच्या डब्यात भरून ठेवले, दूध-साखर त्या दिवशी सकाळी घातली. पाणी गेलेलं असतं त्यामुळं भाजलेली डाळ अशी दोन-चार दिवस आरामात राहते, करायच्या वेळी परत मंद आचेवर गरम करून मगच उकळतं दूध ओतायचं.

त्या दोन घाण्यांत मी ती चार मिनिटं दिली. दाणे चावून बघितले, खुसखुशीत लागले, तरी बंद केलं नाही, बारीक आचेवर हलवत राहिले, बेसन लाडवाचा वास जाऊन तो काजूचा वास येऊन गेला आणि त्याच्याही मागं जरा कॉफीच्या बियांसारखा कडवट-गोड वास यायला सुरुवात झाली, त्याच क्षणी गॅस बंद आणि ठेवलेलं तूप आत, म्हणजे ते तूप थोडं गार असल्यानं कढईचं तापमान पण खाली येतं आणि पुढचं भाजणं तिथंच थांबतं. भाभींना डब्यातले चार दाणे नेऊन दाखवले. त्यांनी उजेडात धरून बघितले, चावले, आणि म्हणाल्या, "हां, आता दूध घाल."